तीन किलोंचा डबा

माहीम म्हटलं की मुंबईकराला हलवा आठवतो. ते माहीम निराळं. आमचं माहीम पालघरच्या पश्चिमेला, केळव्याच्या शेजारी. वाड्यांमधून नागवेली, केळी, नारळ आणि पुढे समुद्र. इथल्या माणसाला खाण्यापिण्याची ददात नाही, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्यामुळे गेल्या वर्षी ताईकडे गेलो आणि पडवीतल्या कोनाड्यात, देवाच्या फोटोच्या बरोबर खाली, काळ्या रंगाचा सोनेरी अक्षरांचा तीन किलोंचा डबा दिसला, तेव्हा मी चपापलोच. रंगाचा असेल असं आधी वाटलं.

डबा भाच्याचा होता. भाचा बावीस वर्षांचा. बोईसरला, तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाळीनं काम करतो. एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रपाळी. उंची पाच फूट आठ इंच आणि वजन ५२ किलो. मित्र त्याला काडी म्हणतात. त्यानं बोईसरला जिम लावली होती आणि तिथल्या ट्रेनरनं हा 'मास गेनर' दिला होता. किंमत २१०० रुपये. दिवसातून दोनदा, दुधातून.

"मामा, तुम्ही दुधातलेच ना? बघा जरा. पोट डब्ब होतं, आणि सेकंड शिफ्टला दुपारी चारच्या सुमाराला अशी झोप येते की मशीनपुढे डोळे मिटतात."

मी दुधातला खरा. पंचवीस वर्षं एका डेअरीच्या प्रयोगशाळेत फॅट, एसएनएफ आणि प्रथिनं मोजण्यात गेली. दूध भुकटीच्या गोणीत काय असतं आणि काय असल्याचं सांगतात, यातला फरक मला पगार देत होता. म्हणून डबा मांडीवर घेतला, चष्मा पुसला आणि वाचायला लागलो. डब्याचं नाव इथे सांगत नाही. बाजारातले बरेच डबे याच घडणीचे असतात आणि आकडेही मी हिशेबाच्या सोयीसाठी गोल केले आहेत.

डब्याच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरात होतं: एका वेळेला १२०० कॅलरी, ४८ ग्रॅम प्रोटीन. मागं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात: एक वेळ म्हणजे २०० ग्रॅम पावडर, अर्धा लिटर फुल क्रीम दुधात.

इथेच पहिली मेख आहे. फुल क्रीम दुधाच्या अर्ध्या लिटरमध्ये साधारण ४३० कॅलरी आणि १८ ग्रॅम प्रथिनं असतात. ती ताईच्या पातेल्यातली. डब्यानं ती आपल्या नावावर लावली होती. दूध वजा केलं की पावडरीच्या वाट्याला ७७० कॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिनं उरतात, तीही २०० ग्रॅम खाल्ल्यावर. म्हणजे तीन किलोंचा डबा पंधरा वेळांचा. ट्रेनरच्या सांगण्याप्रमाणे दिवसातून दोनदा घेतला तर आठवडाभरात तळ दिसणार. भाच्याला हे ठाऊक नव्हतं. तो अंदाजानं दोन स्कूप टाकत होता आणि डबा महिना पुरेल अशा समजुतीत होता.

म्हणून कुठलाही डबा हाती आला की 'एका वेळेचा' रकाना झाकून १०० ग्रॅमचा रकाना वाचावा. एक वेळ म्हणजे किती हे कंपनी ठरवते, १०० ग्रॅम म्हणजे १०० ग्रॅमच. या डब्यात १०० ग्रॅममागं ३८५ कॅलरी, १५ ग्रॅम प्रथिनं, ७६ ग्रॅम कर्बोदकं आणि २ ग्रॅम स्निग्धांश होता. कर्बोदकांतली एकूण साखर १२ ग्रॅम, त्यात वरून घातलेली ५.

आता एक छोटा हिशेब, जो मी त्या दिवशी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केला. एक ग्रॅम प्रथिनातून ४ कॅलरी मिळतात. १५ ला ४ ने गुणलं, ६० आले. एकूण ३८५ पैकी ६०, म्हणजे शेकडा सोळाच्या आसपास. या पावडरीच्या दर शंभर कॅलरींपैकी सोळा प्रथिनांच्या, बाकीच्या दुसऱ्या कशाच्या तरी. हाच हिशेब टोन्ड दुधाला लावा. १०० मिलिलिटरमध्ये साधारण ५८ कॅलरी आणि ३.१ ग्रॅम प्रथिनं. भाग जातो शेकडा एकवीस. सायीसकट म्हशीच्या दुधाला लावा, तर सोळा-सतराच्या घरात येतो. थोडक्यात, २१०० रुपयांच्या या 'प्रोटीन'च्या डब्यात प्रथिनांचा वाटा म्हशीच्या दुधाइतकाच होता, आणि पिशवीतल्या साध्या टोन्ड दुधापेक्षा कमी.

"म्हणजे फसवलं?" भाचा म्हणाला.

फसवलं असं म्हणता येत नाही. डब्यावर सगळं छापलेलं होतं. आपण वाचलं नाही, एवढंच.

मग उरलेल्या कॅलरी कुठून आल्या? त्यासाठी घटकांची यादी. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात; जे सर्वांत जास्त, ते पहिलं. या डब्यावर पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन. त्यानंतर स्किम्ड मिल्क पावडर, मग व्हे प्रोटीन कॉन्सन्ट्रेट, साखर, कोको, घट्टपणासाठी गोंद, वास, आणि शेवटी पचनाची एन्झाइम्स, जी दर्शनी बाजूवर मात्र ठळक होती. आकड्यांवरून मी अंदाज बांधला: शंभरातलं साठ-पासष्ट ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन, पंधराएक ग्रॅम दूध भुकटी, बाराएक ग्रॅम व्हे.

माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे मक्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च तोडून केलेली पांढरी, जेमतेम गोड भुकटी. लेबलावर 'साखर' या सदरात फक्त एक किंवा दोन कड्यांच्या शर्करा मोजतात: ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज, लॅक्टोज. माल्टोडेक्स्ट्रिनची साखळी त्याहून लांब, म्हणून ते साखरेत धरत नाहीत. पण पोटात गेल्यावर ही साखळी पटापट सुटते आणि तिचं ग्लुकोज होतं. रक्तातली साखर ते घरातल्या साखरेहूनही झटपट चढवतं. म्हणून 'नो ॲडेड शुगर' असं लिहिलेल्या डब्यातही पहिला घटक माल्टोडेक्स्ट्रिन असू शकतो, आणि त्यात नियमाचा भंग नसतो.

२०० ग्रॅमच्या पूर्ण मात्रेत कर्बोदकं १५२ ग्रॅम. त्यातली २४ ग्रॅम लेबलावरची साखर सोडली, तरी १२८ ग्रॅम राहतात. चहाचा चमचा पाच ग्रॅमचा धरला तर पंचवीस चमचे, एका बैठकीत. ताई त्याच्या चहात दोन चमचे साखर घालते म्हणून घरात रोज वाद व्हायचा. भाचा पूर्ण मात्रा घेत नव्हता हे नशीब. पण दुपारच्या पाळीला निघताना जेवणावर हा पेला रिचवायचा आणि मशीनवर डुलक्या घ्यायचा, त्यात नवल नव्हतं. भाताचं मोठं ताट संपवल्यावर जी सुस्ती येते, तीच ही. ताईच्या सासऱ्यांना मधुमेह होता. अशा घरातल्या मुलानं हे रोज प्यायचं, तर आधी एकदा रक्ततपासणी करून घ्यावी, हे मी त्याला तिथेच सांगितलं.

पोट डब्ब होण्याचं कारण वेगळं. दूध भुकटीत निम्म्याहून थोडं अधिक लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं. व्हे कॉन्सन्ट्रेटमध्येही थोडं राहतंच. त्यावर पुन्हा अर्धा लिटर दूध. वय वाढलं की आपल्यातल्या पुष्कळांना लॅक्टोज नीट पचत नाही. ते मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं आणि वायू धरतो. खात्री करायची तर दोन दिवस पावडर बंद ठेवून नुसतं अर्धा लिटर दूध प्यायचं. तरी पोट गुरगुरलं, तर दोष लॅक्टोजचा. नाही गुरगुरलं, तर मात्रेचा किंवा डब्यातल्या आणखी कशाचा. भाच्याला नुसतं दूध सोसलं. म्हणजे दूध, भुकटी आणि माल्टोडेक्स्ट्रिन एकदम, तेही घाईघाईनं घटाघटा, हे त्याला झेपत नव्हतं.

आता व्हेविषयी, कारण पैसे मोजायचे तर त्याचेच. ताईला मी विचारलं, श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगतेस, खाली पातेल्यात पिवळट पाणी गळतं, त्याचं काय करतेस? ती म्हणाली, पीठ भिजवते, नाहीतर कढीत. ते पाणी म्हणजे निवळी, इंग्रजीत व्हे. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ऐंशी टक्के केसिन. ते दही, पनीर, चीज यांच्यात बांधलं जातं. उरलेली वीस टक्के प्रथिनं निवळीत राहतात. एक किलो चीज करायला दहाएक लिटर दूध लागतं आणि नऊएक लिटर निवळी उरते. पूर्वी ती जनावरांना घालत किंवा ओतून देत, आणि ओढ्यानाल्यात गेली की पाणी नासायचं. मग सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून ती गाळून पाणी, लॅक्टोज आणि क्षार बाजूला काढायचं तंत्र आलं, आणि टाकाऊ पाण्याची महागडी भुकटी झाली. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या मंचरला पराग मिल्क फूड्स चीज करते आणि त्याच निवळीपासून 'अवतार' नावानं व्हे प्रोटीन विकते. बाजारातलं बरंचसं व्हे मात्र अजून परदेशातून येतं, म्हणून त्याचे भाव डॉलरबरोबर हलतात.

गाळणी किती बारीक, त्यावर नाव. कॉन्सन्ट्रेटमध्ये साधारण ऐंशी टक्क्यांपर्यंत प्रथिनं, बाकी थोडं लॅक्टोज आणि स्निग्धांश. आयसोलेटमध्ये नव्वदच्या आसपास, लॅक्टोज जवळजवळ नाहीच, किंमत जास्त. दूध सोसत असेल तर आयसोलेटला जादा पैसे देण्यात अर्थ नाही, असं माझं मत. पचनाचा फरक मात्र खरा आहे. व्हे पोटातून भरभर पुढे सरकतं. केसिन पोटातल्या आम्लानं फुटतं, त्याचं पनीरसारखं दही होतं आणि ते सावकाश पचतं. रात्रपाळीला जाणाऱ्याला पोटात काहीतरी टिकून हवं असतं. त्याला साधं दूध किंवा दूध भुकटी बरी, कारण तिच्यात केसिन भरपूर.

भाच्याला हे पटेना. तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात गेलो. त्याच्या मित्राकडून साध्या व्हेचं एक पाकीट आलं होतं. दोन पेले घेतले. एकात चमचाभर व्हे, दुसऱ्यात चमचाभर गेनर. दोन्हीवर उकळतं पाणी ओतलं. व्हेच्या पेल्यात अंडं फुटल्यासारख्या पांढऱ्या गुठळ्या झाल्या, कारण व्हेची प्रथिनं उष्णतेनं आवळतात. गेनरच्या पेल्यात चॉकलेटच्या रंगाचं चिकट पाणी झालं, बुडाशी थोडे कण. बोटं एकमेकांना चिकटली. "हा पाकच झाला की," ताई म्हणाली. ही मोजणी नव्हे, नुसतं दाखवणं. केसिन उष्णतेनं असं फुटत नाही, म्हणून दूध भुकटीला ही परीक्षा लागू नाही, आणि कुठल्या डब्यात किती टक्के, हे यावरून सांगता येणार नाही. पण भाच्याच्या डोक्यात जे माझ्या हिशेबानं शिरलं नव्हतं, ते त्या चिकट बोटांनी शिरलं.

लेबल खरं असेलच याची तरी खात्री काय? प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि दुधाच्या पदार्थांसाठी त्याला ६.३८ ने गुणतात. म्हणून कुणी ग्लायसिन, टॉरिन अशी स्वस्त नायट्रोजनयुक्त द्रव्यं मिसळली, तर आकडा फुगतो आणि स्नायूंना मिळत काहीच नाही. घटकांत दुधाच्या नावाबरोबर हीही सुटी नावं दिसली की सावध व्हावं. २०२४ साली केरळच्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पूरकांची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे सत्तर टक्क्यांत लेबलावरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. काहींत सांगितल्याच्या निम्मीच प्रथिनं होती. काहींत बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिनही सापडलं. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आपल्या आहार-मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी घेऊ नयेत, असा स्पष्ट सल्ला दिला. सर्वसाधारण निरोगी माणसाला किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरेशी, असं तिथलं प्रमाण. वजन उचलणाऱ्याला जास्त लागतात. व्यायामशास्त्रातले अभ्यास किलोमागं १.६ ग्रॅमच्या आसपास थांबतात आणि त्यापुढे फारसा लाभ दाखवत नाहीत. भाच्याच्या हिशेबानं ते ८३ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यानं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही सुरू करू नये.

मी त्याला आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवायला लावलं. सकाळी चहा-खारी. कारखान्याच्या कँटीनमध्ये भात, पातळ डाळ, बटाट्याची भाजी. चारला चहा-वडापाव. रात्री ताईकडचा भात आणि तळलेल्या बोंबलाचे दोन तुकडे. सगळं मिळून पन्नास ग्रॅम प्रथिनंही जेमतेम, आणि कॅलरी त्याच्या कष्टाला अपुऱ्या. म्हणजे त्याला खरोखरच वर काहीतरी हवं होतं: गरजेहून रोज तीनशे ते पाचशे कॅलरी जास्त आणि आणखी तीसेक ग्रॅम प्रथिनं. यापेक्षा जास्त कॅलरी कोंबल्या तर वजन वाढतं, पण ते पोटावर. डब्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत त्याचं तसंच झालं होतं. दंड तेवढेच, पँटचं बटण मात्र घट्ट.

मग ताईच्या ओट्यावर आम्ही मिक्सर लावला. अर्धा लिटर टोन्ड दूध, त्यात ३० ग्रॅम दूध भुकटी, दोन वेलची केळी आणि ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे. साखर नाही, मध नाही. हिशेब असा: दुधाच्या २९० कॅलरी, भुकटीच्या १०७, केळ्यांच्या शंभरएक, दाण्यांच्या १७०, एकूण साडेसहाशेच्या वर. प्रथिनं १६ अधिक साडेदहा अधिक १ अधिक साडेसात, म्हणजे ३५ ग्रॅम. तेवढ्याच टोन्ड दुधात १०० ग्रॅम गेनर घातला असता तर कॅलरी ६७५ आणि प्रथिनं ३१ ग्रॅम आली असती. दोन्हीकडे दूध तेच. बाकीच्याचा खर्च गेनरचा ७० रुपये, भुकटी-केळी-दाण्यांचा पालघरच्या बाजारभावानं तीसच्या आत. यातही साखर नाही असं नाही. दुधाची आणि केळ्याची मिळून पन्नास ग्रॅमच्या आसपास आहे. पण ती दूध, दाणे आणि केळ्याच्या चोथ्याबरोबर येते, आणि सावकाश चढते. एकदम न पिता अर्धं कामावर जाताना, अर्धं आल्यावर, असं ठरलं. पोटाची गुरगुर आठवडाभरात थांबली.

पैशाचा हिशेब प्रथिनांच्या ग्रॅमवर करावा. किमतीला डब्यातल्या एकूण प्रथिनांनी भागायचं. २१०० रुपयांच्या गेनरमध्ये ४५० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ग्रॅमला पावणेपाच रुपयांच्या आसपास. त्याच दुकानात २४०० रुपये किलोचं व्हे होतं, १०० ग्रॅममागं ७५ ग्रॅम प्रथिनांचं. ते पडतं ग्रॅमला सव्वातीन. महाग वाटणारा डबा स्वस्त निघाला. टोन्ड दूध ग्रॅमला पावणेदोनच्या आसपास आणि साधी दूध भुकटी त्याहूनही खाली. ज्याला कर्बोदकं हवीत त्यानं ती भातातून, केळ्यातून घ्यावी. आमच्याच जिल्ह्यात, आगाशीला, राजेळी केळी वाळवून सुकेळी करतात. माल्टोडेक्स्ट्रिनला पैसे मोजण्यापेक्षा सुकेळं चघळावं.

बारची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण रात्रपाळीत मिक्सर नेता येत नाही. भाच्याच्या बॅगेत दोन बार होते. एकावर '२० ग्रॅम प्रोटीन', दुसऱ्यावर 'नो ॲडेड शुगर', खजूर-बदामाचं चित्र. दुसरा त्याला अधिक पौष्टिक वाटायचा. दुसरा ४० ग्रॅमचा, १७० कॅलरी, ६ ग्रॅम प्रथिनं, एकूण साखर १५ ग्रॅम, सगळी खजुराची. तोच भागाकार केला: शेकडा चौदा. खाऊ म्हणून उत्तम, प्रथिनांचा बार म्हणून नाही. शेंगदाण्याची चिक्की याच गोत्रातली, आणि बरीच स्वस्त.

पहिला ६० ग्रॅमचा, २२० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं. भाग शेकडा छत्तीस. घटकांत पहिलं नाव मिल्क प्रोटीनचं, मग व्हे. हा खरा दुधाचा बार. तोंडी गणित करायचं तर कॅलरीतलं एक शून्य काढायचं: २२० चे २२. प्रथिनांचा आकडा त्याच्या जवळपास असला तर बार चांगला, निम्म्याहून खाली असला तर तो मिठाईच्या कपाटातला. साखर २ ग्रॅम, पण खाली १४ ग्रॅम माल्टिटॉल. ही साखरेच्या जातकुळीतली पॉलिऑल. कॅलरी निम्म्याच्या आसपास, शून्य नव्हे. आतड्यात पूर्ण शोषली जात नाही, म्हणून एकाच पाळीत दोन बार खाल्ले की पोट सुटतं. भाच्यानं एकदा तीन खाल्ले होते. ती रात्र त्यानं मशीनपेक्षा दुसरीकडेच जास्त काढली.

बार विकत घेताना दुकानाचं छतही बघावं. पत्र्याखालच्या टपरीत मे महिन्यात काचेच्या बरणीत ठेवलेला बार, तारीख बाकी असली तरी घेऊ नये. उष्णतेनं दुधाची प्रथिनं आणि शर्करा एकमेकींना धरतात. बार विटेसारखा कडक होतो, तपकिरी पडतो, आटवलेल्या दुधाचा वास येतो आणि प्रथिनांतलं लायसिन कमी होतं. वरच्या चॉकलेटवर पांढरी राखट साय दिसली, तर तो कधीतरी वितळून पुन्हा घट्ट झालेला असतो. पावडरीचा शत्रू आमची खारी हवा. माल्टोडेक्स्ट्रिन ओल ओढतं. ओला चमचा एकदा गेला की डब्यात गोळे होतात. गोळे बोटानं फुटले तर फक्त दमट, दगड झाले किंवा कुबट वास आला तर फेकून द्यावं.

आणखी एक, कारण मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. काही ठिकाणी लेबल नसलेल्या पुड्या 'वजन वाढवायची पावडर' म्हणून मिळतात. महिन्याभरात चेहरा गोल फुगला, भूक राक्षसासारखी लागली, सतत झोप येऊ लागली, तर ते दूध नव्हे. त्यात स्टेरॉइड किंवा भूक वाढवणारं औषध असण्याचा संशय घ्यावा आणि पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावं. परस्पर एकदम बंदही करू नये, कारण बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड अचानक तोडणं धोक्याचं असतं. डब्यावर चौदा आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक असतो. आयात माल असेल तर आयातदाराचं नाव, पत्ता आणि त्याचा परवानाही लागतो. क्रमांक फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर घालून पाहता येतो, आणि तक्रारही तिथेच करता येते.

ट्रेनरला मी भेटलो. भला मुलगा, दंड माझ्या मांडीएवढे. त्यानं कबूल केलं की गेनरवर त्याला कमिशन व्हेपेक्षा चांगलं सुटतं. "पण काका, पोरांना मोठा डबाच लागतो. एक किलोचा छोटा डबा दिला की त्यांना वाटतं फसवलं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रयोगशाळेतही दाट दिसणारं दूधच लोकांना खरं वाटायचं.

तीन महिन्यांनी भाच्याचं वजन ५५ किलो ८०० भरलं. पँटचं बटण पूर्वीच्याच काजात. आता तो आठवड्यातून चार दिवस मिक्सर लावतो, उरलेले दिवस कंटाळा करतो. गेनरचा डबा त्यानं ढकलत ढकलत संपवला. ताईनं तो धुऊन उन्हात वाळवला आणि आता त्यात सुके बोंबील ठेवते. झाकण घट्ट बसतं, वास बाहेर येत नाही, आणि त्या डब्यात आता १०० ग्रॅममागं साठच्या आसपास प्रथिनं आहेत.